दूध ऊतू जावो

मी मूळचा इचलकरंजीचा. कापडाच्या धंद्यात वाढलो आणि त्याच धंद्याने मला श्रीलंकेत नेलं. कोलंबोच्या उत्तरेला, कटुनायकेच्या बाजूला एका तयार कपड्यांच्या फॅक्टरीत मी कर्मचारी विभाग सांभाळत होतो. मार्च 2024 मध्ये वरून निरोप आला, की यंदा अवुरुदूचं पत्र तुम्ही लिहा, औपचारिक असू द्या पण कोरडं नको.

अवुरुदू म्हणजे सिंहली आणि तमिळ लोकांचं नवं वर्ष, एप्रिलच्या मध्यावर येणारं. आपल्याकडे दिवाळीला जे स्थान, ते तिथल्या कामगाराच्या वर्षात अवुरुदूला. बोनस तेव्हाच मिळतो, नवे कपडे तेव्हाच घेतले जातात, आणि गावाकडे मोठी सुट्टीही तेव्हाच. आमच्या शिवणाच्या लाइनवरच्या बहुतेक मुली अनुराधपूर, मोनरागल, एंबिलिपिटिय अशा लांबच्या गावांतून आलेल्या. वर्षभर फॅक्टरीजवळच्या बोर्डिंगमध्ये चौघी-पाचजणी एका खोलीत राहायच्या. सुट्टीच्या आदल्या दिवशी पगाराच्या चिठ्ठीबरोबर मालकांचं पत्र त्यांच्या हातात पडायचं आणि ते त्यांच्याबरोबर गावी जायचं. त्यामुळे ते पत्र आई-वडील वाचतात, शेजारी वाचतात. ही गोष्ट मला अक्कांनी पहिल्याच दिवशी सांगितली.

अक्का आमच्या विभागातल्या सगळ्यांत जुन्या. सिंहलीत थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे मला ती हाक मारताना कधी परकं वाटलं नाही. हिशेबाच्या खात्यात हॅटनकडचे एक तमिळ गृहस्थ होते, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. अक्का, अण्णा आणि मी, असं तिघांनी मिळून ते एक पानाचं पत्र तयार केलं. त्याला तीन आठवडे लागले.

पहिला मसुदा मी इंग्रजीत न करता थेट सिंहलीत करायचा प्रयत्न केला. मला बोलता येत होतं, अक्षरं वाचता येत होती, आणि वाटत होतं की निम्मे शब्द तर आपलेच आहेत. कंपनीला समागम, संचालक मंडळाला अध्यक्ष मंडलय, आणि बोनसला तर चक्क प्रसाद दीमनाव, म्हणजे प्रसादाची रक्कम. हे सगळं संस्कृतातून किंवा पालीतून आलेलं. म्हणून मी बेधडक लिहीत गेलो आणि अक्कांनी पहिल्याच ओळीला पेन्सिल लावली.

मी सुरुवात केली होती 'गरु कार्य मंडलय' अशी. गरु म्हणजे माननीय, कार्य मंडलय म्हणजे कर्मचारीवर्ग. अक्का म्हणाल्या, "सर, हे पत्र फक्त वरच्या मजल्यासाठी आहे का?" कपड्यांच्या फॅक्टरीत स्टाफ म्हणजे ऑफिसातली माणसं. मशीनवर बसणारी मुलगी स्वतःला त्यात धरत नाही. सातशे जणींच्या हातात जाणाऱ्या पत्रात पहिल्या दोन शब्दांतच सहाशेजणी बाहेर राहिल्या असत्या. त्यांनी सुचवलेला शब्द होता 'सेवक-सेविकावनि'. मला तो खटकला. मराठीत सेवक म्हटलं की राबणारा गडी डोळ्यांपुढे येतो. मी तसं बोललोही. अक्कांनी माझ्या पगाराच्या चिठ्ठीवरची एक ओळ दाखवली. भविष्य निर्वाह निधीचं सिंहली नावच 'सेवक अर्थसाधक अरमुदल' असं आहे. तिथे सेवक म्हणजे नोकरीत असलेला माणूस, मग तो मॅनेजर असो की हेल्पर. कुणाला कमी लेखणं त्यात नाही.

मग त्यांनी 'गरु' खोडून 'आदरणीय' लिहिलं. मला वाटलं, एक मानाचा शब्द काढून दुसरा घातला, फरक काय? फरक फार मोठा होता. सिंहलीत आदरय म्हणजे प्रेम. मुलगा मुलीला 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणतो तेव्हा याच शब्दाने म्हणतो. 'आदरणीय अम्मा' म्हणजे लाडकी आई. आपल्याकडे सभेच्या पत्रिकेवर बसलेला, इस्त्री केलेला शब्द तिथे मायेने ओलावलेला आहे, आणि तरीही छापील पत्रात शोभतो. वरून आलेल्या 'औपचारिक पण कोरडं नको' या मागणीचं उत्तर त्या एका शब्दात होतं. त्यानंतर मी प्रत्येक ओळखीच्या शब्दापाशी थांबून अक्कांना विचारायला लागलो, की हा तुमच्याकडे ऊन आहे की गार?

दुसरी अडचण क्रियापदांची. लिहिण्याची सिंहली आणि बोलण्याची सिंहली या जवळजवळ दोन भाषा आहेत. बोलताना मी असो, आम्ही असो, ती असो, क्रियापद एकच: 'प्रार्थना करनवा'. लिहिताना मात्र कर्त्याप्रमाणे बदलतं, आम्ही असलो की 'प्रार्थना करमु'. (प्रार्थना म्हणजे तिथे शुभेच्छा, देवापुढे हात जोडणं नव्हे.) मी बोलीचं रूप लिहिलं होतं, जवळीक वाटावी म्हणून. अक्कांनी ते ठामपणे नाकारलं. छापील पत्रात बोलीचं क्रियापद आलं की वाचणाऱ्याला दोनच गोष्टी वाटतात: लिहिणाऱ्याला सिंहली येत नाही, किंवा तो आपल्याला लहान मूल समजतो. आणि पत्र तर बापाच्या हातात जाणार. बोली ठेवायची ती लाउडस्पीकरसाठी. शेवटच्या दिवशी लाइन बंद करताना फ्लोअर मॅनेजर 'अक्कला, नंगिला, अय्यला, मल्लिला' म्हणजे ताई-धाकट्यांनो, दादा-भावांनो अशी हाक घालून बोलतो, तिथे ते खुलतं.

पण लिखित भाषेत ऊब आणायला एक रूप आहे, आणि ते मराठी माणसाला लगेच कळावं असं आहे. आपण म्हणतो 'सुख लाभो', 'मंगल होवो'. सिंहलीत त्या 'होवो'च्या जागी 'वेवा' येतं. 'सुब अलुत् अवुरुद्दक् वेवा', नवं वर्ष शुभ होवो. घराघरांत, बॅनरवर, बँकेच्या जाहिरातीत हेच वाक्य असतं. त्यातल्या पहिल्या शब्दाच्या लेखनावरही वाद आहे. सुब, सुभ, शुभ अशी तिन्ही रूपं छापलेली दिसतात. आम्ही 'सुब' घेतलं आणि पानभर तेच राहील एवढं पाहिलं.

आता मधला मजकूर. मी लिहिलं होतं: 'हे वर्ष आपणा सर्वांस सौभाग्य आणि समृद्धी घेऊन येवो.' सिंहलीत सौभाग्य म्हणजे भरभराट. आपल्यासारखा कुंकवाशी त्याचा संबंध नाही. दोन्ही शब्द बरोबर, दोन्ही शुभेच्छापत्रांत सर्रास दिसणारे. अक्का बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "चूक काही नाही. पण हे शब्द दुसऱ्यांनी वापरून झालेत."

'सौभाग्यये दॅक्म' हे 2019 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत गोटाभय राजपक्ष यांच्या जाहीरनाम्याचं नाव होतं. भरभराटीचं स्वप्न, असा त्याचा अर्थ. त्यानंतर 2022 आलं. पेट्रोल नाही, गॅस नाही, दुधाची पावडर नाही, दिवसाचे कित्येक तास वीज नाही. त्या वर्षीचं अवुरुदू लोकांनी रांगांमध्ये काढलं, आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. अक्कांच्या घरी त्या एप्रिलमध्ये गॅस नव्हता. परसात तीन विटा मांडून लाकडांवर भात शिजवला होता. तेव्हापासून 'सौभाग्य' या शब्दाने त्यांच्या मनात एक रिकामा सिलिंडर उभा राहतो, असं त्या म्हणाल्या. आणि समृद्धी? 'समुर्धी' हे 1995 मध्ये सुरू झालेल्या गरिबांच्या सरकारी मदत योजनेचं नाव. आमच्या लाइनवरच्या कितीतरी मुलींच्या आया त्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. भरभराटीची शुभेच्छा म्हणून तो शब्द त्यांच्या घरात न्यायला अक्कांचं मन घेईना.

मी विचारलं, मग काय लिहायचं? त्या म्हणाल्या, "जे त्या घरात खरंच होणार आहे ते लिहा."

अवुरुदूच्या सकाळी किंवा रात्री, जी वेळ येईल तेव्हा, घरातली बाई नव्या मडक्यात दूध, बऱ्याचदा नारळाचं, चुलीवर ठेवते आणि ते ऊतू जाऊ देते. मग किरिबत, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात. घरातला मोठा माणूस प्रत्येकाला पहिला घास भरवतो. शुभेच्छा म्हणून जुन्या पद्धतीचं एक वाक्यच आहे: 'किरि इतिरेवा', दूध ऊतू जावो. ते ऐकलं आणि मला आजीचं अंगण आठवलं. रथसप्तमीला ती गोवऱ्या पेटवून लहानशा बोळक्यात दूध ठेवायची आणि ते ऊतू जाईपर्यंत आम्ही पोरं वाकून बघत बसायचो. एरवी ऊतू गेलं तर ओरडा बसायचा, त्या दिवशी ते जायलाच हवं असायचं. मी हे अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी मसुद्यावरची माझी सौभाग्य-समृद्धीची ओळ पुसली आणि तिथे स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'ओबे निवसे किरि इतिरेवा', तुमच्या घरी दूध ऊतू जावो. शेवटपर्यंत ती ओळ तशीच राहिली.

कोकिळेचा आवाज आणि एरबदूची फुलं मात्र आम्ही काढून टाकली. एरबदू म्हणजे आपला पांगारा. एप्रिलच्या तोंडावर तो लालभडक फुलतो, कोहा म्हणजे कोकिळ ओरडायला लागतो, आणि प्रत्येक कंपनीचं पत्र तिथूनच सुरू होतं. सुंदर आहे ते, पण ज्यांनी आठ तास मशीनच्या घरघरीत काढले त्यांना तो कोहा आम्ही ऐकवायचा, हे मला पटलं नाही. त्याऐवजी पहिलं वाक्य त्यांच्या प्रवासाचं केलं.

तारखेत मी मोठी चूक केली होती आणि ती वेळेवर सापडली. मसुद्यात होतं, '14 एप्रिलच्या मंगल प्रभाती'. माझ्या डोक्यात 14 एप्रिल पक्का बसलेला. पण हे नववर्ष मध्यरात्रीही सुरू होत नाही आणि सूर्योदयालाही नाही. सूर्य मीन राशीतून मेष राशीत ज्या क्षणी जातो त्या क्षणी ते सुरू होतं. तो क्षण दरवर्षी साधारण सहा तासांनी पुढे सरकतो. 2023 मध्ये तो 14 एप्रिलला दुपारी 2 वाजून 59 मिनिटांनी होता. 2024 मध्ये तो रात्री 9 वाजून 5 मिनिटांवर गेला, आणि फेब्रुवारीत लीप वर्षाचा एक दिवस वाढल्यामुळे तारीख आली 13 एप्रिल. म्हणजे माझी मंगल प्रभात उगवायच्या आधी रात्रीच नवं वर्ष लागलेलं असणार होतं.

त्या क्षणाच्या आधीचे 6 तास 24 मिनिटं आणि नंतरचे 6 तास 24 मिनिटं मिळून पुण्य कालय. आपल्या पंचांगात संक्रांतीचा पुण्यकाळ असतो, तोच शब्द. लोक त्याला नोनगतेही म्हणतात, म्हणजे ज्यात नॅकत नाही असा काळ. नॅकत हा शब्द नक्षत्रावरून आलेला, अर्थ मुहूर्त. या काळात कामधंदा ठेवायचा नाही, देवळात जायचं, शांत बसायचं. त्या वर्षी हा काळ 13 तारखेच्या दुपारी 2 वाजून 41 मिनिटांपासून पहाटे 3 वाजून 29 मिनिटांपर्यंत होता. चूल पेटवायची वेळ, पहिला घास आणि पहिल्या देवाणघेवाणीची वेळ, डोक्याला तेल लावायची वेळ, कामावर निघायची वेळ, हे सगळं नॅकत सीट्टुव नावाच्या पत्रकात सांस्कृतिक खात्याच्या ज्योतिषांकडून ठरून येतं. सारा देश एकाच मिनिटाला चूल पेटवतो.

याचा आमच्या कामाशी थेट संबंध होता, कारण संगणक विभागाने सगळ्यांना 13 तारखेला संध्याकाळी 6 वाजता मोबाइलवर शुभेच्छा पाठवायचं ठरवून ठेवलं होतं. ऐन पुण्यकाळात कंपनीचा संदेश! अक्कांनी तो दुसऱ्या दिवशी सकाळी 9 वर नेला. "लोकांचा पहिला घास होऊ दे, घरातल्या थोरांना विड्याची पानं देऊन नमस्कार होऊ दे, मग कंपनी," असं त्यांचं म्हणणं. पत्रातही आम्ही तारीख-वेळ लिहायचं टाळलं. फक्त 'या संक्रांतीला' एवढंच ठेवलं.

सगळ्यांत ताणाचं झालं ते एका वाक्यावरून. उत्पादन विभागाचा आग्रह होता की पत्राच्या शेवटी लिहा: 'सुट्टीनंतर ठरल्या दिवशी नव्या जोमाने कामावर हजर राहून उद्दिष्ट पूर्ण कराल अशी अपेक्षा.' त्यांची काळजी खोटी नव्हती. बोनस घेऊन गावी गेलेल्या काही मुली परतत नाहीत, आणि एका लाइनवर चार मशीन रिकामी राहिली की पूर्ण लाइनचा वेग पडतो. पण ते वाक्य आलं की अख्खं पत्र त्या वाक्याची प्रस्तावना होऊन बसलं असतं. दूध ऊतू जावो, आणि 22 तारखेला हजर राहा. गावी ते वाचणाऱ्या बापाला काय वाटलं असतं, हे मी बैठकीत विचारलं. शेवटी तोडगा निघाला. सुट्टीच्या तारखा, बसची सोय, परतीचा दिवस यांची वेगळी सूचना काढायची, वेगळ्या कागदावर, कर्मचारी विभागाच्या सहीने. आणि शुभेच्छापत्रात कामाचा एक शब्दही नाही. बोनसचाही नाही. तो त्यांच्या कष्टाचा आहे, शुभेच्छेबरोबर ओवाळणी घातल्यासारखा तो दाखवायचा नाही.

तमिळ मजकूर अण्णांचा. मी आधी अक्कांच्या सिंहलीचं भाषांतर त्यांच्यापुढे ठेवलं होतं. त्यांनी ते शांतपणे बाजूला केलं आणि म्हणाले, "सण दोघांचा आहे, मग एकाचं पत्र आणि दुसऱ्याचं भाषांतर असं का?" त्यांनी नवं लिहिलं. 'महिळ्च्चि पोंगट्टुम्', आनंद ऊतू जावो. पोंगल सणाच्या नावात जो ऊतू जाण्याचा धातू आहे तोच यात आहे, म्हणजे दूध दोन्हीकडे सारखंच ऊतू गेलं, पण प्रत्येकाच्या स्वतःच्या चुलीवर. सणाचं नाव सिंहली पानावर 'सिंहल-तमिळ' आणि तमिळ पानावर 'तमिळ-सिंहल' असं आलं. पानं पाठपोट न छापता शेजारी-शेजारी घेतली, म्हणजे कुणाचीच भाषा मागे जात नाही. फॅक्टरीत मुस्लिम मुलीही होत्या आणि त्याच आठवड्यात ईद होती, म्हणून एक ओळ ईदच्या शुभेच्छांची दोन्ही पानांवर घातली.

छपाईत एकच गोष्ट अडली. छापखान्याचा जुना सिंहली फॉन्ट आमच्या संगणकावर नव्हता, त्यामुळे तपासायला आलेल्या पानावर 'सुब'च्या जागी iqn अशी इंग्रजी अक्षरं दिसत होती. मराठीत जुन्या फॉन्टांनी आपल्याला हेच दाखवलंय. मी छापलेला कागदच मागवला आणि अक्का-अण्णांनी बोट ठेवून अक्षरन् अक्षर वाचलं.

तो दिवस होता मंगळवार, 9 एप्रिल. त्या वर्षीचा पाडवा. सकाळी मी भाड्याच्या घराच्या गॅलरीत छोटी गुढी उभारली होती. कडुनिंबाचा डहाळा आदल्या दिवशी अक्कांनी आणून दिला होता. तिथे त्याला कोहोंब म्हणतात. दोन नववर्षांत चार दिवसांचं अंतर. आपलं चंद्रावर चालणारं, त्यांचं सूर्यावर.

सुट्टीच्या आदल्या दिवशी जे पत्र वाटलं त्याचा मराठीत अर्थ साधारण असा:

'आमच्या लाडक्या सहकारी भगिनींनो आणि बंधूंनो, वर्षभर दूर राहून आज तुम्ही घराच्या वाटेला लागत आहात. प्रवास सुखाचा होवो. या संक्रांतीला तुमच्या घरी दूध ऊतू जावो. आई-वडिलांच्या हातचा पहिला घास तुम्हाला निरोगी आयुष्य देवो. तुमच्यासारखी माणसं आमच्याकडे पाठवल्याबद्दल तुमच्या घरच्या थोरांना आमचा नमस्कार सांगा. सुब अलुत् अवुरुद्दक् वेवा.'

थोरांना नमस्कार, ही ओळ मालकांनी स्वतः घातली. खाली 'संचालक मंडळ' असं न छापता त्यांनी सातशे पत्रांवर हाताने सही केली, दोन संध्याकाळ बसून.

22 तारखेला दारात पितळी दिवा लागला, किरिबत आणि तळलेले कुरकुरीत कोकीस वाटले गेले. लाइन तीनवरची एक मुलगी विड्याची पानं घेऊन आली आणि म्हणाली, तात्तांनी, म्हणजे वडिलांनी, नमस्कार परत सांगितलाय. मी पानं घेतली आणि तो निरोप वर जाऊन मालकांना सांगितला. रिकाम्या मशीन त्या वर्षीही होत्याच, पत्राने ते थांबत नाही.

पुढच्या वर्षीच्या पत्राची फाइल अक्कांनी जानेवारीतच उघडली. 2025 मध्ये संक्रांतीचा क्षण होता 14 एप्रिल, पहाटे 3 वाजून 21 मिनिटं. त्यांनी गेल्या वर्षीचा खोडलेला मसुदा शोधून काढला आणि माझ्या '14 एप्रिलच्या मंगल प्रभाती' या शब्दांखाली पेन्सिलीने लिहिलं, "सर, यंदा चालेल."